मातृभाषेतून प्राथमिक अध्यापन: १० मिनिटांत पेपर मांडणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पहिली-दुसरीच्या वर्गात मातृभाषेचा वापर या विषयावर पेपर मंजूर झाला, पण मांडायला १० मिनिटंच मिळाली, असं सांगत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये सगळीकडे एकच नमुना पेपर वापरला आहे. तो प्रश्न ३ मध्ये सविस्तर आहे.

१. पेपर १८ पानांचा आहे. १० मिनिटांत त्यातलं काय सांगू?

आधी स्वतःचा वेग मोजा. पेपरातलं एक पान घड्याळ लावून, सभागृहात वाचाल तसं मोठ्याने वाचा. मराठी वाचताना माझे मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. तुमचे ९५ होतील किंवा १२५. अर्धा-एक मिनिट माइक आणि पहिल्या स्लाइडची वाट पाहण्यात जातं, म्हणून हिशेब ९ मिनिटांचाच धरा. माझ्या वेगाने ते हजार शब्दांच्या आत बसतं. १८ पानांत पाच-साडेपाच हजार शब्द असतात, म्हणजे पाचातले चार शब्द गाळायचेच आहेत.

बहुतेक जण प्रत्येक भागातून थोडं थोडं कापतात आणि पेपराची अनुक्रमणिका वाचून दाखवल्यासारखं होतं. त्यापेक्षा उलटं करा. तुमच्या पेपरात एकच निष्कर्ष असा असेल की जो तुमच्या वर्गात न गेलेल्या माणसाला ठाऊक असणं शक्य नाही. तो एका वाक्यात लिहा. ते वाक्य पटायला जे लागतं तेवढं ठेवा आणि बाकीचं पेपरात राहू द्या. ‘मातृभाषेतून शिक्षण चांगलं असतं’ हा तो निष्कर्ष नव्हे. युनेस्कोच्या १९५३च्या अहवालात हे येऊन गेलं आहे, आणि या सत्राला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते मान्यच असतं.

२. ‘मातृभाषेचा वापर’ म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं. त्यावर वेळ घालवायचा का?

घालवायचा, आणि भरपूर. माझ्या मते दहातली दोन मिनिटं इथेच जायला हवीत. कारण या एका शब्दप्रयोगाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी चालतात. एका शाळेत सगळे विषय घरच्या भाषेतून होतात आणि दुसरी भाषा फक्त विषय म्हणून असते. दुसरीकडे पुस्तक शाळेच्या भाषेतलं, पण बाई धडा सुरू करण्याआधी घरच्या भाषेत गप्पा मारतात. तिसरीकडे प्रत्येक वाक्यामागोमाग भाषांतर सांगितलं जातं. चौथीकडे घरची भाषा फक्त ‘गप्प बसा’, ‘वही काढा’ इतक्यापुरतीच येते.

यांचे परिणाम सारखे नसतात. वाक्यागणिक भाषांतराचंच पाहा. मुलं पहिलं वाक्य सोडून देतात आणि दुसऱ्याची वाट पाहतात. वर्गात मागे बसून पाहिलं तर हे चटकन लक्षात येतं. बाई इंग्रजी वाक्य बोलतात तेव्हा नजरा खिडकीकडे असतात, मराठी सुरू झालं की फळ्याकडे वळतात.

म्हणून व्याख्या देण्याऐवजी एका तासिकेचा हिशेब द्या. ३५ मिनिटांपैकी कोणती मिनिटं कोणत्या भाषेत, कोण बोलत होतं आणि कशासाठी. हा हिशेब एका आडव्या पट्टीवर दाखवता येतो. घरच्या भाषेची मिनिटं एका रंगात, शाळेच्या भाषेची दुसऱ्या. ही एक पट्टी व्याख्यांच्या तीन स्लाइडचं काम करते.

३. एखाद्या पेपराचं उदाहरण घेऊन वेळ कशी वाटायची ते दाखवाल का?

पुढचा पेपर आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. ते कुठे उद्धृत करू नका.

दुसरीचा वर्ग, माध्यम इंग्रजी, सगळ्या मुलांची घरची भाषा मराठी. दोन तुकड्या, प्रत्येकी ३० मुलं, काळ आठ आठवडे, दोन्हीकडे वाचनपाठ तेच. तुकडी ‘अ’मध्ये पहिली ७ मिनिटं धड्यातल्या चित्राबद्दल मराठीत बोलणं व्हायचं: हे कोण असेल, पुढे काय होईल. मग इंग्रजी वाचन. शेवटची ५ मिनिटं मुलं गोष्ट मराठीत सांगायची आणि एखादं वाक्य इंग्रजीत करून पाहायची. तुकडी ‘ब’मध्ये तीच १२ मिनिटं बाईंच्या मागून एका सुरात इंग्रजी वाचण्यात जायची. एकूण वेळ दोन्हीकडे सारखा. हे आवर्जून सांगा, नाहीतर ‘तुम्ही त्या तुकडीला जास्त वेळ दिलात’ हा पहिला प्रश्न येतो.

शेवटी न पाहिलेला छोटा इंग्रजी उतारा आणि त्यावर पाच प्रश्न. वाचनवेगात ‘ब’ किंचित पुढे: मिनिटाला ४० शब्द, ‘अ’चे ३८. मात्र उत्तर कोणत्याही भाषेत चालेल असं धरलं, तर पाचपैकी सरासरी गुण ‘अ’चे ३.१ आणि ‘ब’चे १.७.

निष्कर्षाचं वाक्य असं होतं: दोन्ही तुकड्या जवळपास सारख्याच वेगाने वाचतात, पण आधी मराठीत बोललेल्या मुलांना वाचलेलं जास्त कळतं.

आता वेळ. पहिलं मिनिट एका मुलासाठी ठेवा. ते उतारा न अडखळता वाचतं आणि ‘कोंबडी कुठे बसली?’ या अर्थाच्या इंग्रजी प्रश्नावर नुसतं बघत राहतं. तुमचा प्रश्न सभागृहाला तिथेच कळतो. पुढची दोन मिनिटं तासिकेच्या पट्टीला द्या, आणि एक मिनिट चाचणी कशी घेतली त्याला. निकालांना तीन मिनिटं: एक तक्ता आणि मुलांच्या उत्तरांचे एक-दोन नमुने. एक मिनिट मर्यादांना, म्हणजे प्रश्न ७. उरलेलं मिनिट मोकळं ठेवा. ते कशात तरी जातंच.

लांबलचक आढावा, परिशिष्ट, प्रश्नावली आणि वर्गाचे बारा फोटो यांतलं काहीच नाही. फोटो गाळायचं सर्वांत जिवावर येतं, हे कबूल.

४. मूल इंग्रजी उतारा वाचून उत्तर मराठीत देतं. ते बरोबर धरायचं की चूक?

या विषयावरच्या निम्म्या पेपरांचा निकाल या एका निर्णयावर फिरतो, आणि बहुतेक मांडणाऱ्यांना तो निर्णय आपण घेतला होता हेच आठवत नसतं.

उताऱ्यात कोंबडी सहा अंड्यांवर बसली आहे. प्रश्न इंग्रजीत विचारला, मूल म्हणालं, “अंड्यांवर.” त्याला वाचलेलं कळलं आहे, इंग्रजीत सांगता आलेलं नाही. या दोन वेगळ्या क्षमता आहेत. फक्त इंग्रजी उत्तर बरोबर धरलं तर तुम्ही बोलणं मोजता आणि त्याला आकलन म्हणता. नमुना पेपरात तसं धरलं तर ‘अ’ला १.४ आणि ‘ब’ला १.१ गुण, म्हणजे फरक जवळजवळ नाहीसाच. तुमच्या मोजणीतही असं होत असेल तर दोन्ही रकाने दाखवा. एकच दाखवला आणि दुसरा कुणी विचारून काढला, तर पुढची पाच मिनिटं त्यातच जातात.

पण इथे उलटा सापळाही आहे. ‘अ’ तुकडीतल्या मुलांनी आठ आठवडे रोज मराठीत गोष्ट सांगितली. चाचणीत मराठीत उत्तर द्यायला ती सरावलेली आहेत. ‘ब’मधल्या मुलाला बहुधा वाटतं की इथे मराठी बोललेलं चालणार नाही, म्हणून ते गप्प राहतं. म्हणजे ३.१ आणि १.७ यांतल्या फरकाचा काही भाग आकलनाचा नसून मोकळेपणाचा असू शकतो. दोन गोष्टींनी हे तपासता येतं. प्रश्न विचारण्याआधी दोन्ही तुकड्यांना ‘कुठल्याही भाषेत सांग’ असं स्पष्ट सांगायचं, आणि निदान दोन प्रश्न बोलावंच न लागणारे ठेवायचे: तीन चित्रांपैकी योग्य चित्रावर बोट ठेव. बोट ठेवण्याच्या प्रश्नांतही ‘अ’ पुढे असेल तर निष्कर्ष भक्कम. तिथे दोन्ही तुकड्या सारख्या निघाल्या तर वाक्य बदला: मुलांना कळत दोघांनाही होतं, सांगायची मुभा एकांनाच होती. हा निष्कर्षही मांडण्याजोगा आहे. मला तर तो जास्त आवडेल.

५. तक्त्यात सरासरी पुरेशी आहे ना?

पहिली-दुसरीच्या वाचनाबाबत पुरेशी नसते. या वयात बरीच मुलं शून्यावर असतात आणि काही खूप पुढे, त्यामुळे सरासरी ज्या मुलाचं वर्णन करते ते मूल वर्गात सापडतच नाही. सरासरीच्या शेजारी ‘एकही उत्तर न आलेली मुलं’ असा रकाना द्या. नमुना पेपरात ‘अ’मध्ये ३० पैकी ३, ‘ब’मध्ये ११. सभागृहातले शिक्षक दशांश विसरतात, अकरा मुलं विसरत नाहीत.

६. त्याच मुलांचा मराठी आणि इंग्रजी वाचनवेग एकाच आलेखात दाखवला तर परिणाम छान दिसतो. चालेल?

नाही चालणार. ‘शाळेतल्या’ हा मराठीत एक शब्द आहे. इंग्रजीत तेवढ्याच अर्थाला तीन-चार लागतात. मराठीत मिनिटाला २५ शब्द वाचणारं मूल इंग्रजीत ३५ वाचणाऱ्यापेक्षा मागे आहे, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. लिपीचंही तसंच. देवनागरीत मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं अशी लांब चढण आहे, पण एकदा अक्षर ओळखलं की उच्चार बव्हंशी ठरलेला असतो. इंग्रजीत अक्षरं सव्वीसच, स्पेलिंगची कटकट मात्र पुढे अनेक वर्षं पुरते. म्हणून वेगाची तुलना एकाच भाषेतल्या एकाच उताऱ्यावर करा. दोन भाषा शेजारी ठेवायच्याच असतील तर आकलनाचे गुण ठेवा, आणि प्रश्न दोन्हीकडे सारख्या जातीचे आहेत याची खात्री करा.

७. माझ्याकडे दोनच तुकड्या आहेत. निष्कर्ष काढायचा की नाही?

काढायचा, पण आवाका सांगून. मुलं ६० असली तरी पद्धत मुलागणिक वाटलेली नाही, तुकडीगणिक वाटली आहे. त्यामुळे तुलना खरी तर दोनच गोष्टींची आहे. ‘अ’च्या बाई अधिक हौशी असतील, ‘ब’चा तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा असेल, आणि फरक त्याचाही असू शकतो. ६० मुलांवर सांख्यिकी चाचणी लावून ‘लक्षणीय फरक’ म्हणणारी स्लाइड ठेवू नका. सांख्यिकी जाणणारा एक माणूस सभागृहात असला तरी ती टिकत नाही.

त्याऐवजी सुरुवातीची चाचणी दाखवा. आठ आठवड्यांपूर्वी दोन्ही तुकड्या एकाच पातळीवर होत्या का? आणि जमल्यास पुढच्या आठ आठवड्यांत पद्धती अदलाबदल करून पाहा. दोन तुकड्या असलेल्या शिक्षकाच्या हातात याहून चांगलं साधन नाही. अदलाबदलीनंतर ‘ब’ वर आली तर बाईंच्या हौशीचा मुद्दा बराच निवतो.

८. आधीच्या संशोधनाचा आढावा किती घ्यायचा?

दोन वाक्यं, आणि त्यातलं एक तुमच्या विरोधात जाणारं.

नायजेरियातल्या इफे इथला प्रकल्प बहुतेक सगळे घेतात. १९७० मध्ये तो सुरू झाला. सहा वर्षं प्राथमिक शिक्षण योरुबा भाषेतून आणि इंग्रजी फक्त विषय म्हणून. तिथली मुलं इंग्रजीतही मागे पडली नाहीत. पण या प्रकल्पात नवी पुस्तकं आणि शिक्षकांचं खास प्रशिक्षणही होतं, त्यामुळे सगळं श्रेय भाषेला देता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या शाळांच्या माहितीवर टेलर आणि फॉन फिंटेल यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत अधिक नेटका आहे. पहिली तीन वर्षं घरच्या भाषेतून शिकलेल्या मुलांचं चौथी ते सहावीतलं इंग्रजी सुरुवातीपासून इंग्रजीतून शिकलेल्यांपेक्षा सरस दिसलं.

विरोधी बाजूला केनिया आहे. तिथल्या एका मोठ्या प्रयोगात मातृभाषेतलं वाचन सुधारलं, पण इंग्रजी आणि किस्वाहिलीत त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. हे तुम्हीच आधी सांगितलंत तर पुढचं बोलणं लोक सावरून बसून ऐकतात.

९. वर्गात तीन-चार मातृभाषा आहेत. मग ‘मातृभाषेचा वापर’ म्हणता येईल?

सरसकट नाही. समजा ३० पैकी १८ मुलांची घरची भाषा एक आहे आणि उरलेल्या १२ जणांच्या तीन वेगळ्या. बाई १८ जणांच्या भाषेत बोलल्या, तर १२ जणांसाठी ती मातृभाषा नाही, आणखी एक परकी भाषाच आहे. या दोन गटांचे गुण वेगळे दाखवा. कधीकधी त्या बारा जणांनाही थोडा फायदा झालेला दिसतो, कारण ती भाषा त्यांनी खेळताना ऐकलेली असते. कधी ती दोन्हीकडून मागे राहतात. सरासरीत यातलं काहीच दिसत नाही.

आणि दाखल्यावरच्या ‘मातृभाषा’ या रकान्यावर विसंबू नका. तिथे पालक अनेकदा शाळेची किंवा प्रतिष्ठेची भाषा लिहितात. मुलालाच विचारा: आजीशी कसं बोलतोस, भावाशी भांडतोस कोणत्या भाषेत? भांडणाची भाषा सहसा खरी निघते.

१०. ‘मग मुलं इंग्रजी शिकणार कधी?’ हा प्रश्न हमखास येतो. थोडक्यात काय सांगू?

तुमच्या स्वतःच्या आकड्यांवरून उत्तर द्या. नमुना पेपरात ‘अ’ने रोज १२ मिनिटं मराठीला दिली, तरी इंग्रजी वाचनवेग फक्त दोन शब्दांनी मागे आहे. ही किंमत, आणि आकलनातली वाढ ही कमाई. ऐकणाऱ्यांना तोलू द्या.

लांबचा मुद्दा निघालाच तर जिम कमिन्स यांचा भेद कामी येतो. दुसऱ्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सहजता साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेतून विषय शिकण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षं लागतात. फक्त एक खबरदारी घ्या. ही मुदत कॅनडात स्थलांतरित झालेल्या मुलांच्या अभ्यासातून आली आहे. त्यांच्या कानावर शाळेबाहेरही इंग्रजी पडत होतं. ज्या मुलांना इंग्रजी फक्त वर्गातच भेटतं, त्यांना ती जशीच्या तशी लावू नका.

आणखी एक प्रश्न येऊ शकतो: फिलिपिन्सने मातृभाषेची सक्ती मागे घेतली, ती का? तिथे किंडरगार्टन ते तिसरीपर्यंत मातृभाषा हे माध्यम २०१३च्या कायद्याने आलं आणि २०२४च्या कायद्याने त्याची सक्ती उठली. भाषा खूप आणि पुस्तकं-शिक्षक अपुरे, अशा अंमलबजावणीच्या अडचणी त्या चर्चेत पुढे आल्या. तुमचा पेपर राष्ट्रीय धोरणावर नाही, एका तासिकेतल्या १२ मिनिटांवर आहे, असं म्हणून परत आपल्या पट्टीवर या.

११. फरकच आला नाही. तरी मांडू का?

मांडा, पण ‘फरक आला नाही’ म्हणण्याआधी पट्टी तपासा. बहुतेक वेळा ठरवलेली ७ मिनिटं प्रत्यक्षात २ झालेली असतात. आठ आठवड्यांत चार-पाच तास तरी घड्याळ लावून पाहिले असतील तर हे तुम्हाला सांगता येईल. नसतील पाहिले, तर पद्धत चालली नाही की वापरलीच गेली नाही, हे कुणालाच कळणार नाही. तीच तुमची मर्यादा म्हणून सांगा.

१२. आयोजकांच्या संगणकावर माझ्या स्लाइडमधली जोडाक्षरं फुटतात.

जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर असं होणारच. युनिकोडमध्ये घ्या आणि फाइल पीडीएफ करून न्या. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वेलांट्या आणि मात्रा वरच्या ओळीत घुसतात. मुलांचं बोलणं दाखवताना घरची भाषा आणि शाळेची भाषा यांना पट्टीवरचेच दोन रंग द्या.

१३. अध्यक्षांनी ऐनवेळी १० ची ६ मिनिटं केली. आता?

असं होतंच, विशेषतः जेवणाआधीच्या सत्रात. भरभर बोलू नका. मी एकदा तसं केलं होतं, आणि शेवटी पहिला प्रश्न आला, “तुमची तुकडी ‘अ’ म्हणजे नेमकी कोणती?”

सहा मिनिटांत सुरुवातीचं मूल, पट्टी आणि तक्ता एवढंच. आधीचं संशोधन पूर्ण सोडा. चाचणीची पद्धत एका वाक्यात: उत्तर कोणत्याही भाषेत चालेल असं मुलांना आधी सांगितलं होतं. मर्यादाही एका वाक्यात: तुकड्या दोनच होत्या. उत्तरांचे नमुने आणि ‘फक्त इंग्रजी’चा वेगळा रकाना शेवटच्या स्लाइडनंतर जोडून ठेवा. कुणी विचारलं तर तिथून उघडता येतात, आणि प्रश्नोत्तरांची वेळ सहसा कापली जात नाही.